मुदतवाढे

आमच्या वडोदऱ्यात गल्लीगणिक एक तरी पीएच.डी. चालू असते. झालेली क्वचित भेटते, चालू असलेली रोज भेटते. ती कधी बँकेच्या रांगेत भेटते, कधी लग्नाच्या पंगतीत आणि शेव-उसळीच्या गाडीवर तर हमखास. विद्यापीठाच्या कचेरीत मी आयुष्यभर या मंडळींचे कागद पुढे सरकवले. निवृत्तीनंतर ते सुटतील असं वाटलं होतं, पण आता ते घरी येतात. "काका, जरा पत्र बघून द्या ने," असं म्हणत जो दारात उभा राहतो, त्याला मी मनातल्या मनात मुदतवाढे म्हणतो. खरं आडनाव काहीही असो.

मुदतवाढे वयाने तिशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि प्रबंधात इंग्रजी बोलतात, म्हणून कुठल्याच भाषेत त्यांचं वाक्य वेळेवर संपत नाही. पाठीवरच्या पिशवीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र, संमतिपत्रांचा कोरा गठ्ठा, छत्री आणि कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका असते. फोन केला तर ते "फील्डवर" असतात. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत असली तरी फील्डवरच असतात. त्यांची आई शेजारणींना सांगते, "तो गणपतीवर डॉक्टर होतोय." हे ऐकून एका आजींनी मूर्तीच्या तडकलेल्या सोंडेचा सल्ला विचारला होता. मुदतवाढ्यांनी तोही दिला आणि वहीत टिपून ठेवला.

त्यांचा विषय तसा छान आहे: वडोदऱ्याची मराठी गणेशमंडळं पैसा कसा उभा करतात आणि कुठे खर्च करतात. गायकवाडांबरोबर जी मराठी माणसं इथे आली, त्यांच्या वाड्यांच्या वस्त्यांत आज पावतीपुस्तक मराठी पोराच्या हातात असतं आणि वर्गणी गुजराती दुकानदार देतो. त्या दोघांमध्ये काय बोलणं होतं, कोण कोणाला किती ओळखतो आणि "यंदा धंदा नाही" या वाक्यानंतर रक्कम किती उतरते, हे बघण्यासारखंच आहे. मार्गदर्शक मॅडमनी म्हणूनच विषय मान्य केला. मॅडम स्वतः दांडिया बाजारात वाढलेल्या, लहानपणी आरतीच्या ताटात पडलेली नाणी मोजायला बसलेल्या. त्यांना फसवणं अवघड, हे मुदतवाढ्यांना पहिल्या वर्षी कळलं नाही.

2024 च्या उत्सवासाठी त्यांनी आखणी केली ती कागदावर देखणी होती. सहा मंडळं निवडली. 25 ऑगस्टपासून चतुर्थीपर्यंत मूर्तिशाळांत बसायचं आणि वर्गणीच्या फेऱ्यांत मागे मागे फिरायचं. 7 सप्टेंबरच्या चतुर्थीपासून 17 तारखेच्या अनंत चतुर्दशीपर्यंत मांडवात मुक्काम. मग पितृपक्षाच्या पंधरवड्यात, सगळं शांत झाल्यावर, खजिनदारांच्या मुलाखती आणि हिशेबाच्या वह्या. प्रकरणाचा कच्चा खर्डा 15 नोव्हेंबरला मॅडमच्या टेबलावर.

25 ऑगस्टला पाऊस सुरू झाला. 26 ला जन्माष्टमी. आजव्याचं पाणी, वरच्या भागातला पाऊस आणि शहरातला पाऊस एकदम विश्वामित्रीत आले आणि नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. फतेगंज, समा, अकोटा, जिकडेतिकडे घरांत पाणी शिरलं, आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांत निघाल्या. ही अतिशयोक्ती नाही, वन खात्याच्या लोकांनी त्या खरोखर पकडून नेल्या. पाणी उतरलं तेव्हा चतुर्थी तोंडावर होती आणि मंडळाची पोरं वर्गणीऐवजी चिखल काढत फिरत होती.

एवढं कारण हाताशी असल्यावर मुदतवाढीचं पत्र लिहिणं सोपं जायला हवं. पण मोठं कारण हाती लागलं की मुदतवाढ्यांचा तोल जातो. पहिला खर्डा त्यांनी मला दाखवला त्याची सुरुवातच अशी होती:

"आदरणीय मॅडम, सविनय सादर प्रणाम. विश्वामित्रीच्या रौद्र तांडवाने ज्या क्षणी या पुण्यनगरीला आपल्या कवेत घेतले, त्या क्षणी आपला हा विद्यार्थी हातात प्रश्नावली घेऊन उभा होता..."

"कुठे उभा होतास?" मी विचारलं.

"घरी. तिसऱ्या मजल्यावर."

पुढे दीड पान पूर होता. एक परिच्छेद मगरीला दिला होता. शेवटच्या दोन ओळींत, पाहुण्याने निघताना उंबऱ्यावर उसने पैसे मागावेत तशी, "प्रबंधाची मुदत किमान एक वर्ष वाढवून मिळावी" अशी विनंती होती. किती मुलाखती झाल्या, किती राहिल्या, याचा पत्ता नाही.

दुसरा खर्डा लगेच दुसऱ्या टोकाला गेला: "अपरिहार्य कारणास्तव क्षेत्रकार्य पूर्ण होऊ शकले नाही, तरी मुदतवाढ मिळावी." कचेरीत असताना या "अपरिहार्य कारणास्तव"खाली मी लग्नं पाहिली, क्रिकेटचे सामने पाहिले, एकदा तर एका गृहस्थाच्या दुकानाचं उद्घाटन पाहिलं. मॅडमनीही पाहिली असणार.

शिवाय या पत्रात आणखी एक अडचण होती आणि ती फक्त मुदतवाढ्यांचीच नाही, दहातल्या आठांची असते. जे मागायचं ते ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडे असतंच असं नाही. त्यांची नोंदणी 2023 च्या सुरुवातीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. सहा उलटली तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना त्याहून दोन अधिक. म्हणजे प्रबंधाची मुदत 2029 पर्यंत होतीच. ती वाढवणं मॅडमच्या हातात नाही, आणि 2024 च्या पुरासाठी 2029 ची तारीख मागणं म्हणजे कचेरीला करमणूक पुरवणं. मॅडमच्या हातात होती ती 15 नोव्हेंबर. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून काय झालं ते सांगावं लागतं. तिथे प्रगती असमाधानकारक ठरली की समिती कारणं नोंदवते, सुधारणा सुचवते, आणि सुधारणा होतच नसेल तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. मॅडमना त्या बैठकीत दाखवता येईल असं काहीतरी पत्रात हवं. मगर दाखवता येत नाही.

"आणि शिष्यवृत्ती?" मी विचारलं. ती पाच वर्षांचीच. प्रबंधाला मुदत मिळाली म्हणून तिचं घड्याळ थांबत नाही. हे ऐकून मुदतवाढे प्रथमच नीट बसले.

मग आम्ही शेव-उसळीच्या गाडीवर त्यांची डायरी उघडली. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, त्यांनी वाटतं त्यापेक्षा बरंच काम केलं होतं. मांडवातले अकरा दिवस सहापैकी चार मंडळांत नीट झाले होते. दोन मंडळांनी मांडवच आटोपशीर केला होता, पण तिथेही ते दोनदा जाऊन आले होते. गेलं होतं ते चतुर्थीआधीचं. मूर्तिशाळेत गिऱ्हाईक विसार देतं, मूर्तिकार रंग अर्धा ठेवून दुसऱ्याची मूर्ती पुढे घेतो, उंचीवरून घासाघीस चालते, ते सगळं त्या चिखलाच्या आठवड्यात उरकलं गेलं किंवा झालंच नाही. ते आता पुढच्या चतुर्थीशिवाय दिसणार नाही, आणि ती 27 ऑगस्ट 2025 ला. खजिनदारांचं मात्र तसं नव्हतं. खजिनदार कुठे जात नाहीत. वह्या कपाटात असतात.

"मग पितृपक्षात का नाही गेलास?"

गेले होते. पहिले खजिनदार म्हणाले, पूर्वजांचे दिवस आहेत, हिशेबाचं नको. दुसऱ्यांनी सांगितलं, मांडववाल्याचं बिल आलं नाही, दसऱ्यानंतर या. 3 ऑक्टोबरला नवरात्र बसलं. आता मंडळाची तीच पोरं गरब्याला, पहाटेपर्यंत गोल फिरणारी आणि दुपारपर्यंत झोपलेली. वडोदऱ्यात नवरात्रात सकाळी मुलाखत मागणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा संशोधक. दसऱ्यानंतर गेल्यावर "दिवाळीनंतर". दिवाळी झाली, 2 नोव्हेंबरला गुजराती नवं वर्ष झालं, तेव्हा "लाभपाचम नंतर". लाभपाचम 6 तारखेला झाली. मग तुळशीचं लग्न, आणि तुळशीचं झालं की माणसांची.

हे सगळं खरं होतं. फक्त मधल्या एका ठिकाणी मुदतवाढे घाईघाईने पान उलटत होते.

"नवरात्रात तू काय केलंस?"

"निरीक्षण."

"केडियुं घालून?"

"सहभागी निरीक्षण, काका."

गरब्याला 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोची मान्यता मिळाल्यापासून वडोदऱ्यातला प्रत्येक संशोधक मैदानावर कामालाच जातो. पण मुदतवाढ्यांचा विषय गणपती होता, आणि नऊही रात्रींचे फोटो त्यांनी जगाला दाखवले होते. त्या जगात मॅडमही होत्या. "तेवढं पत्रात लिहू नकोस, पण नवरात्रात वेळ मिळाला नाही असंही लिहू नकोस. 'माहितीदार उपलब्ध नव्हते' एवढंच लिही. ते खरं आहे," मी म्हटलं. या वाक्यात माहितीदार कुठे होते याबरोबर संशोधक कुठे होता हेही झाकलं जातं. कचेरीतली वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.

आता प्रश्न राहिला, डिसेंबरात घेतलेल्या मुलाखतीतून सप्टेंबरचा पैसा कसा काढायचा. मुदतवाढ्यांना वाटत होतं, विचारलं की झालं. त्यांनी नमुन्यादाखल एका खजिनदाराला रस्त्यातच गाठलं होतं. खजिनदार म्हणाले, "यंदा पाचेक लाख." मी म्हटलं, हे आठवणीतलं पाचेक लाख आहे, गेल्या वर्षीही एवढंच होतं आणि पुढच्या वर्षीही एवढंच असेल. वर्गणी देणारा पाचशे एक देतो, अकराशे देतो, अकराशे एकावन्न देतो. अशा शेकडो पावत्यांची बेरीज सरळ पाच लाख येत नाही. एकूण आकडा गुळगुळीत आला की तो वहीतला नाही असं समजावं. खरा आकडा पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीत असतो, नंबर आणि तारखेसकट. पहिल्या पावतीची तारीख बघितली तर पूर ओसरल्यावर मंडळ किती दिवसांनी वर्गणीला बाहेर पडलं ते कळतं, आणि त्या दिवसांत एखाद्या गल्लीचं पुस्तक कोरंच राहिलं असेल तर तिथे पाणी शिरलं होतं का, ते विचारता येतं. पोरांच्या मोबाईलमधल्या फोटोंवर तारखा असतात, मंडळाच्या ग्रुपवरच्या निरोपांवरही. अर्थात ते बघायचे तर पिशवीतल्या त्या कोऱ्या संमतिपत्रांवर सह्या घ्याव्या लागतील. आणि माणसाला तारीख विचारू नये, ती त्याला आठवत नाही. "पाणी उतरलं, फ्रिज बाहेर काढला, त्यानंतर मूर्तीचा विसार दिलात की आधी?" असं विचारावं. फ्रिज कोणी विसरत नाही.

मुदतवाढे लिहून घेत होते. उसळ गार झाली. तिसरा खर्डा त्यांनी घरी जाऊन केला आणि तो मी जवळपास आहे तसाच राहू दिला:

"माननीय मॅडम,

प्रकरण तीनचा खर्डा मी 15 नोव्हेंबरला देणार होतो. तो त्या तारखेला पूर्ण होणार नाही. 31 डिसेंबर 2024 पर्यंत वेळ मिळावा अशी विनंती आहे.

झालेलं काम: मांडवातलं निरीक्षण सहापैकी चार मंडळांत पूर्ण, दोन मंडळांत अंशतः. नोंदी सोबत जोडल्या आहेत.

राहिलेलं काम: सहाही मंडळांच्या खजिनदारांच्या मुलाखती आणि पावतीपुस्तकं. ऑगस्टअखेरच्या पुरामुळे मंडळांचं काम उशिरा सुरू झालं, हिशेब उशिरा पूर्ण झाले आणि सणांच्या काळात माहितीदार उपलब्ध नव्हते. दोन खजिनदारांनी आता वेळ देण्याचं मान्य केलं आहे.

न होऊ शकणारं काम: चतुर्थीपूर्वीचं मूर्तिशाळेतलं निरीक्षण. ते 2025 च्या उत्सवात पुरवणी म्हणून करावं आणि प्रकरण त्यासाठी अडवून ठेवू नये, असं मला वाटतं. आपली संमती असल्यास प्रकरणात ही मर्यादा स्पष्ट लिहीन. पुराआधीच्या आणि नंतरच्या वर्गणीची तुलना पावत्यांच्या तारखांवरून करता येईल का, हेही पाहतो आहे.

सल्लागार समितीच्या बैठकीत दाखवता यावा म्हणून चार मंडळांवरचा भाग 15 नोव्हेंबरलाच देतो.

आपला विद्यार्थी"

शेवटचा परिच्छेद कसा सुचला, असं मी विचारलं. "15 तारखेला काहीच हातात नसेल तर मॅडमना माझ्या बाजूने खोटं बोलावं लागेल, आणि त्यांना ते जमत नाही," मुदतवाढे म्हणाले. पत्र त्यांनी मुदत संपायच्या आधी दिलं, हे विशेष. आमच्या कचेरीत बहुतेक अर्ज मुदत संपल्यावर यायचे आणि त्यांवर मागची तारीख असायची. शाई मात्र ताजी असायची.

मॅडमनी पत्र ठेवून घेतलं. मुदतवाढ्यांना वाटलं होतं की गरब्याचा विषय निघेल. निघाला, पण एवढाच: "नवव्या दिवशीचं केडियुं चांगलं होतं." मग त्यांनी टेबलावरचं पंचांग ओढलं. इंग्रजी कॅलेंडर त्यांच्या भिंतीवर असतं ते बैठकांसाठी. वडोदऱ्यातल्या क्षेत्रकार्याला त्या पंचांगच वापरतात.

"31 डिसेंबरला तुझं होणार नाही," त्या म्हणाल्या. "15 डिसेंबरपर्यंत लग्नं आहेत, तुझे खजिनदार कोणाच्या ना कोणाच्या मांडवात असतील. परदेशातून आलेले पाहुणे असतील ते वेगळेच. त्यानंतर कमुरतां बसतात, थेट उत्तरायणपर्यंत. त्या महिन्यात इथे कोणी लग्न करत नाही, वास्तू करत नाही, दुकान उघडत नाही, गाडीसुद्धा घेत नाही. म्हणजे लोक घरी सापडतात. मुलाखती त्यात घे."

"मॅडम, पण कमुरतांत हिशेबाची वही उघडतील?"

"शुभकार्य नको म्हणतात. तुझी मुलाखत शुभकार्य आहे असं तुला कोणी सांगितलं?"

पत्राच्या समासात त्यांनी लिहिलं: मंजूर, 31 जानेवारी 2025. पहिला भाग 15 नोव्हेंबरलाच. पुरवणीची कल्पना समितीपुढे मांडावी. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, वेगळी ओळ: 14 आणि 15 जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, हे दोन दिवस मुदतीत आधीच धरले आहेत.

मुदतवाढे पत्र घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मागितल्यापेक्षा महिनाभर जास्त मिळाला होता, तरी चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं? त्यांनी बोट त्या शेवटच्या ओळीवर ठेवलं. जानेवारीच्या पत्रासाठी राखून ठेवलेलं कारण मॅडमनी आत्ताच खर्च करून टाकलं होतं.